सीओडी आणि रिटर्न: मेसेजमध्ये काय उत्तर द्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरून विक्री करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेच इथे घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक कपड्यांची आहेत, कारण माझा अनुभव त्यातला आहे आणि रिटर्नची कटकटही तिथेच जास्त. रकमा फक्त हिशेब समजावा म्हणून धरल्या आहेत.

1. "सीओडी आहे का?" एवढाच मेसेज येतो. नुसतं "हो" लिहिलं तर काय बिघडतं?

"हो" म्हटलं की समोरची व्यक्ती तीन गोष्टी गृहीत धरते: माझ्या पत्त्यावर सीओडी मिळेल, जास्तीचे पैसे लागणार नाहीत आणि ऑर्डर झाली. यातली एकही तुम्ही अजून तपासलेली नसते. कुरिअरच्या पॅनलवर एखाद्या पिनकोडसमोर डिलिव्हरी "उपलब्ध" दिसते, पण सीओडी त्याच पिनकोडला बंद असू शकते. त्या दोन वेगळ्या नोंदी असतात आणि घाईत पहिलीच बघितली जाते. मग दोन दिवसांनी "सॉरी, तुमच्याकडे सीओडी नाही" असं कळवायची वेळ येते आणि ग्राहकाला ती टाळाटाळ वाटते.

म्हणून होकाराच्या त्याच मेसेजमध्ये पिनकोड मागा आणि शुल्क सांगून टाका:

> हो, सीओडी आहे. तुमचा पिनकोड पाठवता का? तिथे सीओडी पोचते का ते लगेच बघून सांगते. सीओडीसाठी 40 जास्त लागतात, आधी ऑनलाइन पैसे भरले तर ते लागत नाहीत.

हे रोज टाइप करत बसू नका. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये झटपट उत्तर म्हणून साठवून ठेवलं की `/cod` असं टाइप केल्यावर पूर्ण मजकूर समोर येतो. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यातही तशी उत्तरं साठवता येतात. फक्त साठवलेल्या उत्तरात "ताई" किंवा "दादा" घालू नका. प्रोफाइलवर फुलाचा फोटो असला की समोर कोण आहे ते कळत नाही. "तुम्ही" कुठेही चालतं.

2. पार्सल पाठवण्याआधी नेमकं काय पक्कं करून घ्यायचं?

पूर्ण नाव, खुणेसह पत्ता, चालू फोन नंबर, वस्तू, साइज, रंग आणि दारात द्यायची नेमकी रक्कम. हे सगळं तुम्ही एका मेसेजमध्ये लिहायचं आणि त्यावर ग्राहकाचं उत्तर घ्यायचं. तुकड्यातुकड्यांत झालेल्या गप्पांतून ऑर्डर शोधायची वेळ आली की घोळ झालाच समजा.

> मोरपंखी ड्रेस, साइज एल, 1 नग. दारात रोख द्यायचे: 940. पत्ता वर लिहिलाय तोच ना? साइज बसली नाही तर बदलून मिळेल, पण येण्याजाण्याचं कुरिअर तुमच्याकडे राहील. सगळं बरोबर असेल तर "पाठवा" लिहा, म्हणजे उद्या रवाना करते.

रिटर्नची अट याच मेसेजमध्ये घाला. हायलाइट्समध्ये कुठेतरी नियम लिहिलेत, ते भांडणाच्या वेळी कुणी वाचलेले नसतात. "पाठवा" या शब्दाच्या अगदी वर असलेली ओळ मात्र नाकारता येत नाही.

आता हे कशासाठी, तर हिशेब बघा. पोचलेल्या एका पार्सलमागे हातात 100 उरतात असं धरू. नाकारलेलं पार्सल परत आलं, म्हणजे ज्याला आपण आरटीओ म्हणतो, तर जाण्याचे 60, येण्याचे 50 आणि पॅकिंगचे 10 असे 120 जातात. दहा पार्सलं डोळे मिटून पाठवली आणि तीन परत आली, तर 700 वजा 360, उरले 340. त्याच दहांना आधी विचारलं, दोघांनी उत्तरच दिलं नाही म्हणून आठच पाठवली आणि त्यातलं एक परत आलं, तर 700 वजा 120, उरले 580. विक्री दोन्हीकडे सातच. न पाठवलेल्या दोन पार्सलांनी 240 वाचवले. ऑर्डरी मोजून खूश होणाऱ्यांना हे पटायला एक महिना लागतो, मलाही लागला.

3. पत्ता दिला, पण "पाठवा" काही लिहीत नाहीत. किती वाट बघू?

चोवीस तास. मग एक फोन, तोही उचलला नाही तर शेवटचा मेसेज: "उत्तर आलं नाही म्हणून ऑर्डर थांबवली आहे. हवी असेल तर कधीही लिहा, माल असेल तर लगेच पाठवेन." रागाचा सूर नको. रात्री अकराला पत्ता टाकणारे बरेच जण सकाळी विसरलेले असतात, इतकंच.

4. थोडे पैसे आधी मागितले तर लोक पळून जातात. मागावेत की नाही?

सरसकट नको. मापाने शिवून द्यायची वस्तू, नाव घातलेली वस्तू, एकाच वेळी पाच-सहा नगांची ऑर्डर आणि आधी पार्सल नाकारलेला ग्राहक, एवढ्यांकडून मागा. रक्कम कुरिअरच्या जाण्यायेण्याइतकी पुरते आणि तसंच सांगितलं तर ते पटतंही: "100 आधी, बाकी 840 दारात. पार्सल घेतलं नाही तर हे 100 कुरिअरमध्ये जातील."

यात दोन चुका हमखास होतात. पहिली, आगाऊ पैसे घेतल्यावर लेबलवरची सीओडी रक्कम कमी करायची राहून जाते. कुरिअरवाला लेबलावर 940 दिसले की 940 च मागणार, त्याला तुमच्या चॅटमध्ये काय ठरलं ते ठाऊक नसतं. ग्राहक दारातच पार्सल परत पाठवतो, आणि त्याचं काही चुकलेलं नसतं. दुसरी, पैसे पाठवल्याच्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवणं. तो बनवता येतो. आपल्या खात्यात जमा दिसली तरच जमा.

5. "पार्सल उघडून बघते आणि मग पैसे देते" म्हणतात. काय सांगू?

साध्या सीओडीत आधी पैसे आणि मग पार्सल, असाच क्रम असतो. पैसे घेण्याआधी पाकीट उघडू द्यायची कुरिअरवाल्याला परवानगी नसते. उघडून दाखवायची वेगळी सेवा काही कुरिअरकडे मिळते. ती तुम्ही घेतली नसेल तर "बघा ना त्यांना विचारून" असं मोघम उत्तर देऊ नका. दारात वाद होतो, त्याला पुढच्या घरी जायचं असतं आणि तो "ग्राहकाने नाकारलं" अशी नोंद करून निघून जातो.

या प्रश्नामागे खरी भीती एकच असते: फोटोतलं येईल की दुसरंच काही? त्या भीतीला उत्तर द्या. पॅक करण्याआधी त्याच नगाचा दिवसाच्या उजेडात दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून पाठवा आणि लिहा: "हाच पीस तुमच्या पाकिटात जातोय. वेगळा निघाला तर परत न्यायचा खर्च माझा." उघडून बघायचा आग्रह बहुतेक वेळा इथेच संपतो. नाही संपला तर ती ऑर्डर सोडलेली बरी.

6. ट्रॅकिंगवर "ग्राहक उपलब्ध नव्हते" दिसतं आणि ग्राहक म्हणतात कुणी आलंच नाही. कोणाचं खरं मानायचं?

कोण खरं बोलतंय हे शोधण्यात वेळ घालवू नका, कारण घड्याळ चालू असतं. डिलिव्हरी झाली नाही की कुरिअर पॅनलवर तशी नोंद येते आणि पुन्हा प्रयत्न करा, असं सांगायला तुम्हाला थोडाच अवधी मिळतो. काहीच केलं नाही तर दोन-तीन प्रयत्नांनंतर पार्सल परत फिरतं. म्हणून ग्राहकाला आधी विचारा: पार्सल हवंय ना, कुठल्या वेळी घरी असता, दुसरा नंबर आहे का? उत्तर मिळालं की ते जसंच्या तसं पॅनलवर टाका.

ग्राहक ठामपणे "फोनसुद्धा आला नाही" म्हणत असतील तर त्या दिवसाच्या कॉल यादीचा स्क्रीनशॉट मागा आणि तो कुरिअरच्या तक्रारीला जोडा. खोट्या प्रयत्नांच्या नोंदी होतात. उलट बाजूने, पैसे जवळ नसले की फोन न उचलणारे ग्राहकही असतात. स्क्रीनशॉट मागितल्यावर जे गप्प होतात, त्यांचं पार्सल बहुधा परत येणारच आहे.

7. रोख दिलेले पैसे परत करायचे कसे? ग्राहक म्हणतात, "ज्याने घेतले त्याच्याकडेच पाठवा."

सीओडीच्या रिटर्नमधली सगळ्यात जास्त गैरसमजाची जागा ही. ऑनलाइन भरलेले पैसे आले त्याच वाटेने परत जाऊ शकतात. रोखीला ती वाटच नसते. कुरिअरवाला नोटा घेतो, त्या कुरिअर कंपनीकडे जमा होतात आणि कंपनी ठरलेल्या दिवशी, आपलं शुल्क कापून, अनेक पार्सलांचे पैसे एकत्र तुमच्या खात्यात टाकते. मध्ये काही दिवस जातात. म्हणजे मंगळवारी पार्सल मिळालेली ग्राहक गुरुवारी "माझे पैसे द्या" म्हणते, तेव्हा ते पैसे तुमच्याकडे आलेलेच नसतात.

हे ग्राहकाला सांगायचं का? माहिती म्हणून सांगा, सबब म्हणून सांगू नका. तिने पैसे तुमच्या नावाच्या पाकिटासाठी दिलेत. कुरिअरने तुम्हाला कधी द्यायचे हा तुमचा आणि त्यांचा व्यवहार आहे. त्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी लागते. दर आठवड्याला साधारण किती पैसे परत जातात ते दोन महिने लिहून ठेवलंत की आकडा आपोआप कळतो.

मेसेज असा असू द्या:

> रोख रक्कम कुरिअरमार्फत परत करता येत नाही, म्हणून ती तुमच्या खात्यात पाठवते. खातेधारकाचं नाव आणि खात्याचा तपशील इथेच पाठवा. ड्रेस माझ्याकडे आल्यावर तपासून दोन दिवसांत पैसे टाकते आणि व्यवहार क्रमांक कळवते. मी ओटीपी किंवा पिन कधीच मागणार नाही.

शेवटचं वाक्य गाळू नका. तुमच्या पोस्टखाली कुणी "रिफंड कधी?" अशी कमेंट केली की तुमचंच नाव आणि फोटो लावलेलं नकली खातं त्या व्यक्तीला मेसेज करतं: हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन लागतो तो देण्यासाठी. म्हणून रिफंडबद्दलच्या कमेंटला उघड्यावर फक्त "मेसेजमध्ये उत्तर दिलंय, याच खात्यावरून" एवढंच लिहा आणि फोन नंबर कमेंटमध्ये टाकला असेल तर काढायला सांगा.

खातं दुसऱ्याच्या नावाचं असलं तर? मुलीने मागवलं आणि खातं आईचं, हे नेहमीचं आहे. ज्या नंबरवर ऑर्डर पक्की झाली त्याच नंबरवरून "आईच्या खात्यात पाठवा" असं लिहून घ्या. वेगळ्याच नंबरवरून आलेला खाते तपशील मूळ ग्राहकाला विचारल्याशिवाय वापरू नका.

8. "परत करायचंय" असा मेसेज आला की पहिलं उत्तर काय?

"का?" असं नुसतं विचारू नका, ते उलटतपासणीसारखं वाटतं. "मागवून घेऊ, आधी वस्तूचा आणि पाकिटावरच्या लेबलचा फोटो पाठवता का?" असं म्हणा. फोटोतून कारण बहुतेक वेळा कळतंच, आणि खर्च कोणाचा हे कारणावर ठरतं. फाटलेलं, वेगळं किंवा चुकीच्या मापाचं गेलं असेल तर चूक आपली, तेव्हा "नो रिटर्न" असं कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलं असलं तरी ते पुढे करता येत नाही. मन बदललं किंवा साइज ग्राहकाने चुकीची निवडली, तर प्रश्न 2 मधल्या मेसेजात जी अट घातली ती लागू.

अवघड जातो तो मधला प्रकार, रंगाचा. माझ्याकडे एकदा "फोटोत मोरपंखी होता, आलाय तो निळा" असा मेसेज आला. मी माझा फोटो उघडला, मला मोरपंखीच दिसला. मग तिने पाठवलेला फोटो आणि माझा फोटो एकाच फोनवर शेजारी ठेवून बघितले, आणि ड्रेस खिडकीत धरला. ड्रेस खरंच निळ्याकडे झुकत होता. मी फोटो पिवळ्या दिव्याखाली काढला होता, त्यात हिरवी छटा वाढली होती. ग्राहकाची काहीच चूक नव्हती. पार्सल माझ्या खर्चाने मागवलं आणि तो फोटो त्याच दिवशी काढून टाकला. एकाच रंगाबद्दल दुसरी तक्रार आली की ग्राहकांशी वाद घालणं थांबवा आणि फोटो बदला.

मुदत मोजताना ट्रॅकिंगवरची डिलिव्हरीची तारीख धरा. आणि एक गोष्ट बघत जा: तुम्ही ज्यांना फॉलो करत नाही त्यांचा पहिला मेसेज इन्स्टाग्रामवर विनंत्यांच्या वेगळ्या कप्प्यात पडू शकतो. ग्राहकाने मुदतीत लिहिलं आणि तुम्ही सहा दिवसांनी पाहिलं, तर ती मुदतीतलीच तक्रार.

9. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नाही म्हणून रिटर्न नाकारता येतो का?

आधी सांगितलं नसेल तर मुळीच नाही. सांगितलं असेल तरी तो एकमेव पुरावा मानू नका. शिवण उसवलेली आहे हे साध्या फोटोतही दिसतं. व्हिडिओची खरी गरज "एक वस्तू कमी आली" या तक्रारीत पडते, तिचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

10. "दोन मागवले, पाकिटात एकच होता" असं म्हणतात. मी तर दोन घातले होते.

इथे वजन बोलतं. पाकीट बंद केल्यावर ते काट्यावर ठेवून, लेबल आणि आकडा दोन्ही दिसतील असा एक फोटो काढायची सवय लावा. एक ड्रेस 350 ग्रॅमचा आणि पाकीट 40 ग्रॅमचं असेल, तर दोघांचं मिळून 740 ग्रॅम भरायला हवं. फोटोत 390 दिसले तर चूक तुमची, दुसरा ड्रेस मुकाट्याने पाठवा. 740 दिसले तर पाकीट वाटेत फोडलं गेलं का ते बघायचं: ग्राहकाकडून पाकिटाचे चारही बाजूंचे फोटो घ्या, दुसरी चिकटपट्टी दिसते का पाहा आणि कुरिअरकडे तक्रार टाका.

कुरिअरच्या बिलावरच्या वजनावर मात्र विसंबू नका. ते पाकिटाच्या आकारमानावरून काढलेलं किंवा वरच्या टप्प्यात नेलेलं असू शकतं, त्यातून आत किती नग होते ते कळत नाही.

हीच काळजी परत आलेल्या पार्सलालाही घ्या. आरटीओ सही करून घेण्याआधी पाकीट बघा आणि कॅमेरा चालू ठेवूनच उघडा. आत दुसरंच काही निघालं तर दावा करायची मुदत छोटी असते.

11. दोन वस्तूंवर मिळून सूट दिली होती, त्यातली एक परत आली. किती पैसे द्यायचे?

समजा एक 600 ची, दुसरी 400 ची, दोन्ही मिळून 100 सूट आणि 40 सीओडी शुल्क. ग्राहकाने दारात 940 दिले. आता 400 ची वस्तू परत करायची आहे. ग्राहक 400 मागतो. तुम्हाला वाटतं सूट रद्द झाली म्हणून 300 द्यावेत. माझं मत: सूट दोन्ही वस्तूंवर त्यांच्या किमतीच्या प्रमाणात वाटा. 1000 वर 100 म्हणजे दहा टक्के, तर त्या वस्तूचे खरे भरलेले 360, तेवढे परत द्या. वस्तू सदोष असताना 300 दिलेत तर आपल्याच चुकीचा दंड ग्राहकाला लावल्यासारखं होतं. मन बदलून परत केली असेल आणि "एक परत केल्यास सूट लागू नाही" असं आधीच लिहिलं असेल, तर 300 योग्य.

सीओडी शुल्क एकदाच लागलं आणि एक वस्तू ग्राहकाकडे राहिली, म्हणून ते परत जात नाही. आपल्या चुकीने पूर्ण ऑर्डर परत आली तर ते 40 सुद्धा द्या.

12. ग्राहकाने नंतर मेसेज पुसून टाकले तर?

इन्स्टाग्रामवर पाठवलेला मेसेज मागे घेतला की तो तुमच्याकडूनही जातो. व्हॉट्सॲपवर पुसल्याची खूण तरी राहते, पण समोरच्याने मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू केली असेल तर 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांनी चॅट रिकामी होते. "पाठवा" हे उत्तर आलं त्या क्षणी स्क्रीनशॉट काढा आणि ऑर्डर क्रमांकाच्या नावाने ठेवा. चॅटवर ही सोय चालू असल्याची सूचना दिसते, ती दिसली तर ऑर्डर पक्की करण्याआधी बंद करायला सांगा.

13. "तुमच्या नावाने सीओडी पार्सल आलंय, मी मागवलंच नाही," असा मेसेज आला. आता?

आधी पैसे देऊ नका असं कळवा, मग लेबलचा फोटो मागा. तुमचा ट्रॅकिंग क्रमांक असेल तर कुणीतरी त्यांचा नंबर देऊन ऑर्डर केली आहे, गमतीने किंवा घरातल्याच कुणी. पॅनलवरून पार्सल परत बोलवा. तुमचा क्रमांक नसेल तर ते पार्सल तुमचं नाहीच, तुमचं नाव वापरून कुणी तरी बिनकामाचा माल खपवतंय. तसं स्पष्ट लिहा: "हा क्रमांक आमच्या नोंदीत नाही. आम्ही ऑर्डर मेसेजमध्ये पक्की केल्याशिवाय काहीच पाठवत नाही. पार्सल घेऊ नका." त्यांनी पैसे आधीच दिले असतील तर लेबलवरच्या कुरिअरकडे त्याच दिवशी तक्रार नोंदवायला सांगा, कारण एकदा ती रक्कम पाठवणाऱ्याच्या खात्यात गेली की ती थांबवता येत नाही.